सेमिनारसाठी मदत हवी: आधुनिकीकरण की अवलंबित्व? (कोरिया आणि ब्राझील)

सांजवारा

नमस्कार मंडळी. एमए राज्यशास्त्र, तिसरं सत्र. तौलनिक राजकारणाच्या सेमिनारला मला विषय आलाय: विकास आणि लोकशाही यांचं नातं समजून घ्यायला विकास झाला की लोकशाही येते म्हणणारा आधुनिकीकरण सिद्धांत जास्त कामाचा की गरीब देश श्रीमंत देशांवर अवलंबून राहून अडकतात म्हणणारा अवलंबित्व सिद्धांत. सरांची अट आहे की नुसते सिद्धांत सांगत बसायचं नाही, दोन देश घेऊन बोलायचं. मी दक्षिण कोरिया आणि ब्राझील घेतलेत.

मांडणी साधारण अशी आहे. कोरियात १९६१ नंतर कारखाने आले, लोक शिकले, शहरांत आले, मध्यमवर्ग वाढला आणि १९८७ मध्ये लोकशाही आली. म्हणजे समाजशास्त्रज्ञ लिप्सेट १९५९ मध्ये म्हणाला तेच घडलं. ब्राझील परदेशी कंपन्या आणि परदेशी कर्ज यांत अडकला, १९६४ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, ती एकवीस वर्षं सोडली नाही. म्हणजे तिथे अवलंबित्ववाले बरोबर. एक देश एका सिद्धांताला, दुसरा दुसऱ्याला. पंधरा मिनिटं मिळतात, नंतर प्रश्न. सर कुठे पकडतील?

रोखठोक

पकडायला काही नाहीच. राज्यशास्त्रज्ञ प्रझेवर्स्कीने तर आकडाच दिलाय: दरडोई उत्पन्न सहा हजार डॉलरच्या वर गेलं की लोकशाही येते. कोरिया वर गेला, लोकशाही आली. विषय संपला.

अवलंबित्व सिद्धांत म्हणजे आपल्या नाकर्तेपणाचं खापर अमेरिकेवर फोडायची सोय. कोरियाने बाजार खुला केला, निर्यात केली, पुढे गेला. ब्राझीलने आयातीला दारं लावून घेतली आणि मागे राहिला. दुसऱ्या देशाला दुसरा सिद्धांत द्यायची गरजच नाही, एकाच सिद्धांतात दोन्ही बसतात.

तळटीप

रोखठोक, आकडा खरा आहे, पण तो भलत्याच वाक्याला जोडलाय. प्रझेवर्स्की आणि लिमोंजी यांच्या १९९७ च्या लेखातला तो आकडा ६,०५५ डॉलर, १९८५ च्या समक्रयशक्तीच्या, म्हणजे देशोदेशींच्या किमतींतला फरक काढून टाकलेल्या, हिशोबाने. ते अर्जेंटिनाचं १९७५ चं दरडोई उत्पन्न. तिथे १९७६ मध्ये लष्कराने सरकार उलथलं, आणि त्यांनी तपासलेल्या १९५० ते १९९० या काळात त्याहून श्रीमंत असलेली एकही लोकशाही पडली नाही. म्हणजे आकडा सांगतो तो लोकशाही *टिकण्याबद्दल*. ती *येण्याबद्दल* त्यांचं म्हणणं जवळजवळ उलट आहे: हुकूमशाह्या कुठल्याही उत्पन्नाला पडतात, युद्ध हरल्यामुळे, हुकूमशहा मेल्यामुळे, अंतर्गत भांडणामुळे. त्यानंतर देश श्रीमंत असला तर लोकशाही तगते, गरीब असला तर पुन्हा रणगाडे येतात. दुरून पाहिलं तर श्रीमंत देशांत लोकशाह्या जास्त दिसतात, पण म्हणून श्रीमंतीने लोकशाही *आणली* असं ठरत नाही. २००३ मध्ये बोई आणि स्टोक्स यांनी यावर हरकत घेतली, काळ मागे नेला की श्रीमंतीचा परिणाम येण्यावरही दिसतो म्हणून. तो वाद अजून मिटलेला नाही. सांजवारा, तू कुठली बाजू घेतेस ते पहिल्या दोन मिनिटांत सांगून टाक, नाहीतर सर तिथेच धरतील.

आता कोरिया. तुझी रेघ १९६१ पासून १९८७ पर्यंत सरळ वर जाते. मधलं १९७२ कुठे गेलं? १९७१ च्या निवडणुकीत १९६१ मध्ये लष्करी बंडाने सत्तेवर आलेल्या पार्क चुंग-ही यांना विरोधी उमेदवार किम दे-जुंग यांनी चांगलंच घामाघूम केलं होतं. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९७२ मध्ये, पार्कनी लष्करी कायदा लावला आणि युशिन राज्यघटना आणली. राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक गेली, मुदतीची मर्यादा गेली. या दशकभरात उत्पन्न वाढलं होतं, साक्षरता वाढली होती, शहरं फुगली होती. लिप्सेटचे सगळे निर्देशक वर, आणि राजवट अधिक कडक. तुझ्या रेघेत हे बसत नाही.

ब्राझीलमध्ये नेमकं असंच काहीतरी पाहून अर्जेंटिनाचा राज्यशास्त्रज्ञ गिएर्मो ओडॉनेल अस्वस्थ झाला होता. १९६४ चा ब्राझील आणि १९६६ चा अर्जेंटिना हे लॅटिन अमेरिकेतले सगळ्यात औद्योगिक देशांपैकी होते, आणि लष्कर आलं ते तिथेच. १९७३ च्या पुस्तकात त्याने म्हटलं की औद्योगिकीकरणाचा सोपा टप्पा, म्हणजे घरगुती वस्तू देशातच बनवणं, संपला की पुढच्या अवघड टप्प्यासाठी भांडवल लागतं, ते आणायला मजुरी दाबावी लागते, आणि मजूर तर आता संघटित झालेले असतात. मग तंत्रज्ञ, सेनाधिकारी आणि परकी भांडवल एकत्र येतात. म्हणजे आधुनिकीकरणानेच हुकूमशाही आणली. हा माणूस तू ब्राझीलवर लावलास तर कोरियाच्या १९७२ वरही लावून बघ. १९७३ पासून कोरियानेही अवजड आणि रासायनिक उद्योगांकडे मोहरा वळवला होता.

अण्णा विटेकर

धागा वाचला. मुळात आधुनिकीकरण म्हणजे पाश्चात्त्यांचं अनुकरण, हे गृहीतच मला मान्य नाही. आपल्याकडे न्यायमूर्ती रानडे १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात सांगून गेले की इंग्लंडात शिजलेले अर्थशास्त्राचे नियम हिंदुस्थानाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. दादाभाईंनी संपत्तीच्या निःसारणाचा हिशोब मांडला. हे सगळं पन्नास-साठ वर्षं आधी आपल्याकडे झालेलं असताना लॅटिन अमेरिकेच्या दारात जायची गरज काय? मुलीने आपल्याच माणसांवर सेमिनार द्यावा.

तळटीप

अण्णा, रानडे-दादाभाईंचा उल्लेख योग्यच आहे, पूर्वसुरी म्हणून त्यांना एक वाक्य मिळायला हवं. पण दादाभाईंचा प्रश्न वेगळा होता. परकी सरकार राज्य करतंय, कर घेतंय, पगार आणि पेन्शनी बाहेर नेतंय, त्याचा हिशोब. ब्राझील १८२२ मध्ये स्वतंत्र झाला. तिथे दीडशे वर्षं स्वतःचा झेंडा असूनही कॉफी विकून यंत्रं विकत घ्यायचीच वेळ का, हे अवलंबित्ववाल्यांना सोडवायचं होतं. अर्थतज्ज्ञ प्रेबिशने १९४९-५० च्या सुमारास सँटियागोतून मांडलं की कच्च्या मालाच्या किमती कारखानी मालाच्या तुलनेत दीर्घकाळात घसरत जातात, आणि मग कष्ट वाढवूनही हातात कमीच येतं. झेंडा कोणाचा हा प्रश्न त्यात दुय्यम आहे.

आणि गंमत बघा, १९४५ पर्यंत खरोखरची वसाहत होता तो कोरिया.

चाकणकर

माझा सिद्धांतांशी संबंध नाही, पण कोरियन कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या एका कारखान्यात बरीच वर्षं काढलीयेत म्हणून लिहितो. मोठी कंपनी येताना आपले पुरवठादार कोरियातूनच घेऊन आली. साचे तिकडचे, ड्रॉइंग तिकडची, ड्रॉइंगमध्ये एक मिलिमीटर बदलायचा तर मेल कोरियाला. आमच्यासारख्यांना मिळतं ते पॅकिंग, ब्रॅकेट, वायरिंगची जोडणी. पगार वेळेवर, शिस्त चांगली, तक्रार नाही. पण शिकलो काय, तर दिलेलं काम दिलेल्या वेळात करायला. डिझाइन आमच्याकडे कधी आलंच नाही. कोरियाला कोणी असं वागवलं असतं तर तो आज इथे असता का, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

सांजवारा

चाकणकर, हे मी ब्राझीलबद्दल वाचलंय तसंच वाटतंय! पण मग कोरियाने हे कसं टाळलं? आणि तळटीप, तुमच्या म्हणण्याप्रमाणे माझा "एक देश एका सिद्धांताला" हा आराखडा पार मोडतो. मग उरतं काय?

तळटीप

चाकणकरांनी धाग्यातला सगळ्यात उपयोगी प्रतिसाद दिलाय. त्याचंच उदाहरण पुढे नेऊ, मोटारीचं.

फोक्सवॅगनच्या साओ बर्नार्दोच्या कारखान्याचं १९५९ मध्ये उद्घाटन झालं. फोर्ड आणि जनरल मोटर्स त्याच पट्ट्यात होत्या. १९७८ पर्यंत ब्राझील वर्षाला दहा लाखांहून जास्त वाहनं बनवत होता. तेव्हाचा कोरिया त्याच्यापुढे किरकोळ होता. ह्युंदाईची पोनी कुठे १९७५ च्या अखेरीला तयार होऊ लागली होती, आराखडा इटालियन, इंजिनाचं तंत्र मित्सुबिशीचं. म्हणजे नुसतं उत्पादन मोजलं तर ब्राझील आधुनिक. पण ब्राझीलमधल्या मोठ्या मोटार कंपन्या परकी होत्या, पोनीची मालकी कोरियन होती. तंत्र विकत घेतलं होतं, कंपनी विकली नव्हती.

हे बाजार खुला ठेवून झालं नाही, रोखठोक. परदेशी गाड्यांना कोरियात दार बंदच होतं. पार्क यांनी १९६१ मध्ये बँका सरकारच्या ताब्यात घेतल्या होत्या. कोणाला स्वस्त कर्ज मिळणार हे सरकार ठरवायचं, आणि अट निर्यातीच्या उद्दिष्टाची. निर्यातीच्या आढावा बैठकांना पार्क स्वतः बसायचे. उद्दिष्ट चुकलं तर कर्जाचा नळ बंद. ब्राझीलनेही उद्योगांना संरक्षण दिलं, सवलती दिल्या, फक्त बदल्यात मागितलं कमी, आणि फोक्सवॅगनसारख्या कंपनीकडून मागून मागणार काय? तिचं मुख्यालय जर्मनीत, वोल्फ्सबुर्गमध्ये.

म्हणून अवलंबित्ववाल्यांमध्येच दोन घरं आहेत हे सेमिनारमध्ये सांगच. अर्थतज्ज्ञ फ्रँक १९६६ मध्ये म्हणाला की केंद्राशी, म्हणजे श्रीमंत देशांशी, जोडलेला परीघ, म्हणजे गरीब देश, मागासच राहतो, उलट जोडणी जितकी घट्ट तितका जास्त मागास. त्याला कोरिया पचत नाही. १९६५ च्या करारात जपानकडून ३० कोटी डॉलर अनुदान आणि २० कोटींचं कर्ज घेणारा, अमेरिकेच्या बाजारावर जगणारा कोरिया यापेक्षा घट्ट काय जोडलेला असणार? कार्दोसो आणि फालेतो १९६९ मध्ये वेगळं म्हणाले: परावलंबी राहूनही कारखानदारी वाढू शकते, मात्र ती कोणासाठी आणि कोणाच्या हातात, हे देशांतले वर्ग आणि सरकार यांच्या जमवाजमवीवर ठरतं. पीटर एव्हान्सने १९७९ मध्ये ब्राझीलमधली ही जमवाजमव नीट उलगडली: सरकारी कंपन्या, परकी कंपन्या आणि मोजके देशी भांडवलदार. ही दुसरी वाट कोरियाकडे पाहायलाही उपयोगी पडते, फक्त तिथे या तिवईचा परकी कंपन्यांचा पाय आखूड होता.

(अवांतर: हाच कार्दोसो १९९५ ते २००२ ब्राझीलचा राष्ट्राध्यक्ष होता आणि त्याच्या काळात सरकारी कंपन्या विकल्या गेल्या. वर्गात कोणीतरी हे हसत विचारेलच, तयारी ठेव.)

रोखठोक

ठीक, बँकांचं मान्य. पण सरकार कोरियाचं शिस्तीचं आणि ब्राझीलचं ढिलं, हे का? शेवटी संस्कृतीवर येताय ना? कष्टाळू लोक, शिक्षणाचं वेड वगैरे.

तळटीप

संस्कृतीवर नाही, जमिनीवर येतोय.

कोरियात १९५० च्या सुमारास जमीन सुधारणा झाली. तीन हेक्टरच्या आसपास कमाल मर्यादा, त्यावरची जमीन कसणाऱ्याला. उत्तरेत १९४६ मध्येच जमिनी वाटल्या गेल्या होत्या, दक्षिणेत केलं नाही तर शेतकरी तिकडे झुकेल ही सोल आणि वॉशिंग्टन दोघांनाही धास्ती. जमीनदार हा वर्गच मोडला. पुढे पार्क आले तेव्हा सरकारला अडवणारं कोणी तालेवार घराणं शिल्लक नव्हतं.

ब्राझीलमध्ये १३ मार्च १९६४ ला राष्ट्राध्यक्ष गुलार्ट यांनी रिओच्या मुख्य रेल्वे स्टेशनासमोर प्रचंड सभेत एका हुकमावर सही केली. केंद्र सरकारच्या रस्त्यांच्या आणि रेल्वेच्या कडेच्या मोठ्या जमिनी ताब्यात घेण्याचा तो हुकूम होता. तीन आठवड्यांच्या आत, ३१ मार्च-१ एप्रिलला, लष्कर बाहेर पडलं. कारण फक्त जमीन नव्हतं, महागाई होती, नौसैनिकांचं बंड होतं, कम्युनिस्टांची भीती होती, आणि अमेरिकेने किनाऱ्याकडे आरमार पाठवायची तयारीही केली होती. पण जमिनीला हात लागताच कोण कोणाच्या बाजूला गेलं ते बघ. त्याच शीतयुद्धात, त्याच अमेरिकेच्या छत्राखाली, एका देशात जमीनदार संपला आणि दुसऱ्यात तो वाचला.

आता दोन्ही सिद्धांतांना याची अडचण आहे. आधुनिकीकरणवाल्यांच्या पायऱ्यांमध्ये जमीन कोणाची हा प्रश्नच ठळक नाही. अवलंबित्ववाले बाहेरच्या सत्तेचा हात पाहतात खरे, पण कोरियात बाहेरच्या हाताने उलटं काम केलं, ते त्यांच्या मांडणीत अपघात म्हणूनच बसवावं लागतं.

सातासमुद्रापार

मी साओ पावलोत काही वर्षं नोकरीला होतो. कर्जाचा मुद्दा कोणी काढला नाही म्हणून लिहितोय. तिथल्या वयस्कर सहकाऱ्यांना विचारलं तर लोकशाही मध्यमवर्गाने आणली असं कोणी म्हणत नाही. ते १९७८ चं नाव घेतात. मे महिन्यात साओ बर्नार्दोच्या स्कॅनियाच्या कारखान्यात कामगार यंत्रासमोर हात बांधून उभे राहिले. संपाला बंदी असताना. मग सगळा पट्टा पेटला, त्यातून कामगार नेता लुला पुढे आला. म्हणजे परकी कंपन्यांनी जे कारखाने काढले त्याच कारखान्यांतून राजवटीला आव्हान मिळालं. हे कुठल्या सिद्धांतात टाकायचं?

कर्जाचं असं की सत्तरच्या दशकात ब्राझीलने परदेशी व्यापारी बँकांकडून बदलत्या व्याजाने भरमसाट उचललं. १९७९ नंतर अमेरिकेत व्याजदर चढले आणि हप्ता आवरेना. ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने हात वर केले, मग कोणी ब्राझीलला नवं कर्ज देईना. लष्कराची पत गेली ती तिथे.

रोखठोक

आणि कोरियावर कर्ज नव्हतं, म्हणून ते तरले. बघा, आलं ना फिरून शिस्तीवर.

तळटीप

कोरियावर होतं, आणि चांगलंच. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मोठ्या कर्जदार देशांच्या यादीत ब्राझील, मेक्सिको, अर्जेंटिना यांच्या मागोमाग कोरियाचं नाव यायचं. फरक असा की हप्ता डॉलरमध्ये भरायचा असतो आणि कोरियाकडे डॉलर आणणारी निर्यात होती. दुसरा फरक लोक विसरतात: १९८३ मध्ये जपानने कोरियाला चार अब्ज डॉलरचं पॅकेज दिलं, त्यामागे सुरक्षेचा हिशोब होता. ब्राझीलच्या शेजारी उत्तर कोरिया नव्हता.

साओ पावलोच्या मित्रांनी विचारलंय त्याला जवळ जाणारं उत्तर र्‍युशेमेयर आणि स्टीफन्स दांपत्याने १९९२ मध्ये दिलं: भांडवलशाही विकास लोकशाही आणतो तो मुख्यतः कामगारवर्ग वाढवून आणि जमीनदार दुबळा करून, मध्यमवर्ग दोन्हीकडे झुकतो. एक दुरुस्ती मात्र. राजवट सैल करायला राष्ट्राध्यक्ष जनरल गाइझेल यांनी १९७४ पासूनच सुरुवात केली होती, आणि त्याच वर्षी सिनेटच्या २२ पैकी १६ जागा विरोधी पक्षाने जिंकल्या. संप आणि कर्ज हे नंतरचे. त्यांनी दार उघडलं नाही, किलकिलं झालेलं दार पुन्हा लावू दिलं नाही.

सांजवारा

कोरियात मात्र मध्यमवर्गच होता ना? जून १९८७ मध्ये सोलच्या रस्त्यावर टाय घातलेले कर्मचारी उतरले, "नेकटाय ब्रिगेड". सगळ्या पुस्तकांत आहे. लिप्सेटला निदान हे तरी द्या.

तळटीप

द्या, पण आठ वर्षं मागून सुरुवात करा.

सोलमध्ये वायएच नावाची विगांची कंपनी होती. केसांचे टोप बनवून अमेरिकेला विकायचे, साठच्या दशकातली मोठी निर्यातदार. कामगार बहुतेक खेड्यांतून आलेल्या तरुण मुली. मागणी उतरली, मालक अमेरिकेत जाऊन बसला, १९७९ मध्ये कारखाना बंद करायचं ठरलं. ऑगस्टमध्ये दोनशेच्या आसपास मुली विरोधी पक्षाच्या मुख्यालयात जाऊन बसल्या. पोलिसांनी मारझोड करत त्यांना बाहेर ओढलं, त्यात किम क्योंग-सुक नावाची मुलगी मेली. विरोधी नेते किम यंग-साम यांनी आवाज उठवला, तर ऑक्टोबरमध्ये त्यांना संसदेतून काढलं. ते ज्या भागातले, तिथे बुसान आणि मासानमध्ये उठाव झाला. तो कसा चिरडायचा यावर राजवटीत मतभेद झाले आणि २६ ऑक्टोबरच्या रात्री पार्कना त्यांच्याच गुप्तहेर प्रमुखाने जेवणाच्या टेबलावर गोळी घातली.

ही साखळी सेमिनारमध्ये सांग, कारण तिच्यात दोन्ही सिद्धांत गुंतलेत. मुली शहरात आल्या, शिकल्या, संघटित झाल्या: आधुनिकीकरण. त्यांची नोकरी अमेरिकेतल्या मागणीवर आणि पळून गेलेल्या मालकावर टांगलेली: अवलंबित्व. आणि शेवट प्रझेवर्स्की म्हणतो तसा: हुकूमशहा उत्पन्नाच्या रेषेने नाही, जेवणाच्या टेबलावर गेला. त्यानंतर लोकशाही आली का? नाही. जनरल चुन दू-ह्वान आले, मे १९८० मध्ये ग्वांगजू शहरातला उठाव लष्कराने चिरडला.

१९८७ मध्ये टायवाले उतरले हे खरं. पण ते जूनमध्ये. जानेवारीत पोलीस कोठडीत एक विद्यार्थी छळाने मेला, तेव्हापासून रस्त्यावर होते विद्यार्थी आणि चर्चवाले. २९ जूनला सत्ताधारी पक्षाचे उमेदवार रो ते-वू यांनी थेट निवडणूक मान्य केली, आणि त्यानंतर जुलै ते सप्टेंबर कारखान्यांत तीन हजारांहून जास्त संप झाले. तेव्हा टायवाले घरी परतले होते.

सातासमुद्रापार

पण मग जून १९८७ मध्ये लष्कर का आलं नाही? १९८० मध्ये आलं होतं. माझ्या मते ऑलिंपिक. पुढच्या वर्षी स्पर्धा, जगाचे कॅमेरे. आणि रेगननी चुन यांना संयम पाळायला सांगणारं पत्र पाठवलं होतं. म्हणजे पुन्हा बाहेरचाच हात.

तळटीप

पत्र गेलं होतं हे खरं, पण निर्णय त्याने झाला की रस्त्यावरच्या गर्दीने, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. माझा कल गर्दीकडे: १९८० मध्ये ग्वांगजू एकाकी पडलं होतं, १९८७ मध्ये एकाच दिवशी अनेक शहरं उठली. ती शहरं विकासाने वाढवली होती, तेवढं श्रेय मी आधुनिकीकरणाला देतो. तुम्ही ऑलिंपिकला द्या, मी खोडू शकत नाही.

रोखठोक

आणि भारत? गरीब होतो, निरक्षर होतो, तरी १९५२ पासून निवडणुका. हे दोन्ही सिद्धांतांत बसत नाही. मग दोन्ही फेका.

तळटीप

प्रझेवर्स्कीच्या हिशोबात गरीब लोकशाही पडण्याची *शक्यता* जास्त असते, पडलीच पाहिजे असं नाही. एका अपवादाने शक्यतेचं विधान खोटं ठरत नाही, आणि १९७५ ते ७७ बघता आपण अगदी बिनधोक होतो असंही नाही. पण भारत या सेमिनारमध्ये आणू नकोस, सांजवारा. पंधरा मिनिटांत तिसरा देश म्हणजे तिन्ही अर्धवट.

अण्णा विटेकर

रानड्यांना एक वाक्य तरी द्या म्हणजे झालं.

सांजवारा

अण्णा, देते, पहिल्याच मिनिटात.

आराखडा बदलतेय. देश सिद्धांतांत वाटत नाही. दोन प्रश्न घेते: कारखाने कोणाच्या मालकीचे झाले, आणि राजवट कोणी हलवली. पहिल्याला मोटारी आणि जमीन, दुसऱ्याला स्कॅनिया आणि वायएच. प्रत्येक ठिकाणी कुठला सिद्धांत किती पुरतो आणि कुठे थांबतो ते सांगायचं. प्रश्न एकच राहिलाय: कोरियात जमीनदार मोडले म्हणून सरकार मजबूत झालं, तर तेच मजबूत सरकार १९७२ मध्ये युशिन आणू शकलं. मग जमीन सुधारणा लोकशाहीच्या बाजूची की विरोधातली?

तळटीप

दोन्ही. आधी सरकारला मोकळं रान, नंतर त्या सरकारसमोर उभं राहायला जमीनदारांशिवायचा समाज. पण ही माझी मांडणी झाली. सरांनी "पुरावा?" विचारलं तर तैवान पाहा, तिथेही १९५३ मध्ये कसेल त्याची जमीन झाली, आणि लष्करी कायदा उठला तो १९८७ मध्येच. फिलिपिन्समध्ये जमीनदार राहिले आणि हुकूमशहा मार्कोस १९८६ मध्येच गेले, हे मात्र माझ्या विरोधात जातं.

चाकणकर

फिलिपिन्समध्ये मार्कोस गेल्यावर कारखाने कोणाचे झाले?